आधी कोणाला, मग कोणाला: दुसऱ्या जातीतल्या लग्नाची बातमी घरी सांगताना

आमच्या पैपाहुण्यांत गेल्या पंधरा वर्षांत जातीबाहेरची तीन लग्नं झाली आणि तिन्ही वेळा मी मध्ये होते. पहिलं माझ्या चुलत दिराचं. त्यात बापलेकाचं बोलणं चार वर्षं बंद पडलं. दुसरं कसंबसं निभावलं. तिसरं माझ्या भाचीचं, ते नीट पार पडलं. ताईचं घर काही फार पुढारलेलं नव्हतं. कराडच्या बाजूचं, शेती करणारं मराठ्यांचं घर, दारात दोन म्हशी, दाजी गावच्या दूध डेअरीचे सचिव. मुलगा लातूरकडचा, बौद्ध, पुण्यात बँकेत नोकरीला. म्हणजे आपल्याकडे सगळ्यात अवघड समजलं जाणारं प्रकरण: मुलगी आपली आणि मुलगा तिकडचा.

चुलत दिराच्या वेळी काय चुकलं आणि भाचीच्या वेळी काय जमलं, हे जवळून पाहिल्यावर माझं एक मत झालंय. घरचे जातीला हरकत घेतात, त्यात शंका नाही. पण ती हरकत कायमची गाठ होऊन बसते ती बहुतेक करून बातमी चुकीच्या तोंडून, चुकीच्या क्रमाने कळल्यामुळे. बापाला सगळ्यात जास्त लागतं ते ‘मला सगळ्यांच्या शेवटी कळलं’ हे. म्हणून पुढचं सगळं क्रमाबद्दल आहे.

आधी धोका तपासा

हे पहिलं, कारण पुढचा सगळा धीर ज्या घरात जिवाला धोका नाही त्या घरासाठी आहे. नगर जिल्ह्यात सोनईला जानेवारी २०१३ मध्ये अशाच एका संबंधावरून तीन तरुणांचा खून झाला. महाराष्ट्रात असं होत नाही, या भ्रमात कोणी राहू नये.

तपासायचं कसं? वडील तापट आहेत, यावरून काही कळत नाही. माझ्या पाहण्यातले सगळ्यात तापट वडील आठ दिवसांत निवळले. बघायचं ते हे, की याआधी भावकीत कोणी असं लग्न केलं तेव्हा घरातली पुरुष मंडळी काय करून बसली? हात उचलला गेला होता का, मुलीला कोंडलं होतं का? घरात असा एखादा चुलत भाऊ किंवा काका आहे का, जो ‘इज्जत’ हा शब्द फार वापरतो आणि ज्याच्यापुढे वडील गप्प बसतात? मुलीचा फोन तपासला जातो का, पगाराचं कार्ड आणि कागदपत्रं कोणाकडे असतात? याची उत्तरं वाईट असतील, तर आईला आधी विश्वासात घेण्याचा हा मार्ग तुमचा नाही. आधी दाखले, आधार आणि पासबुक स्वतःच्या ताब्यात घ्या. शहरातल्या एका भरवशाच्या माणसाला सगळं लेखी सांगून ठेवा. ‘आजी सिरियस आहे, ताबडतोब निघ’ असा फोन आला, तर आधी दुसऱ्या कोणाकडून खातरजमा करा, कारण मुलीला घरी ओढून न्यायची ही जुनी युक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा विशेष कक्ष असावा, असा आदेश दिलेला आहे. तेव्हा अर्ज ठाण्यात घेतला नाही, तर थेट पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत द्या. ऐनवेळी ११२ आहेच.

भाचीच्या घरी यातलं काही नव्हतं. दाजी अबोल, ताई रडकी, आणि भावकी तोंडाने भांडणारी. म्हणून आम्ही सावकाश जायचं ठरवलं.

नोटीस आधी देऊ नका

चुलत दिराचं इथेच बिनसलं. त्याचं दुसऱ्या धर्मातलं होतं, म्हणून विशेष विवाह कायद्याने करायचं ठरलं. १९५४ च्या या कायद्यात लग्नाआधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहत असला पाहिजे. नोटीस कचेरीत लागते, हरकतीसाठी तीस दिवस जातात आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याने हिशेब केला: आत्ता नोटीस देऊन ठेवू, महिनाभरात घरी सांगू.

त्याला एक कलम माहीत नव्हतं. नोटीस देणारा मूळचा दुसऱ्या जिल्ह्याचा असेल, तर तिची एक प्रत त्याच्या मूळ जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही भिंतीवर लागते. जमिनीच्या दस्तासाठी आलेल्या एका गाववाल्याने ती वाचली आणि संध्याकाळी पारावर चुलत सासऱ्यांना विचारलं, “पोराचं लगीन ठरलं म्हणं, पेढं कुठायत?” पुढची चार वर्षं त्या पेढ्यांत गेली.

मुलगा-मुलगी दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, तर ही नोटीस लागतच नाही. या सगळ्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. विधी करून लग्न लावायचं आणि मग नोंदणी करायची. मराठा-बौद्ध लग्नाला तीस दिवसांची टांगती तलवार नको, हे बऱ्याच जोडप्यांना ठाऊक नसतं आणि उगाच घाई होते.

तुमच्या दोघांचं ठरलंय का?

घरी बोलायच्या आधी मी भाचीला आणि त्या मुलाला सांगलीला माझ्या घरी दोन दिवस बोलावलं आणि तीन गोष्टी ठरवूनच उठायला लावलं. लग्न कुठल्या पद्धतीने? तिच्याकडच्या देवदेवकाचं आणि जागरण-गोंधळाचं काय? तो बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातला. तो देव्हाऱ्यापुढे हात जोडणार नाही आणि तिने जोडले तर त्याची हरकत नाही, असं त्यांनी ठरवलं. दुसरं, राहायचं कुठे आणि त्याच्या आई-वडिलांकडे वर्षातून किती वेळा जायचं. तिसरं, थांबायचं किती. त्यांनी एक वर्ष धरलं. ही तारीख दोघांतच ठेवायची. घरी सांगितली की तिची धमकी होते.

हे आधी का? कारण घरचे पहिला घाव इथेच घालतात. “त्यांच्यात देव चालत न्हाई, मग तू काय करणार?” यावर मुलीने “बघू ना, अजून ठरलं नाही” म्हटलं, की घरच्यांना दार किलकिलं दिसतं आणि मग ते महिनोन्महिने तेच दार ढकलत बसतात.

स्थळं थांबवा, पण खोटं बोलून नाही

भाचीचा बायोडाटा तेव्हा दोन वधू-वर मंडळांत फिरत होता. गणपतीला ती घरी गेली, तेव्हा इस्लामपूरचे पाहुणे बघायला येणार होते. तिचा विचार होता, की आत्ता बसते, पोहे देते, मग ‘पसंत नाही’ म्हणते. मी तिला मोडता घातला. एक तर त्या मुलाचा आणि त्याच्या घरच्यांचा त्यात काय दोष? आणि दुसरं, सहा महिन्यांनी दाजी हमखास विचारणार होते, “ठरलं हुतं, तर पावण्यांच्या म्होरं बसलीस कशाला?” या प्रश्नाला उत्तर नसतं.

बऱ्याच मुली ‘मला परीक्षा द्यायचीय’, ‘प्रमोशन आहे’ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. नको. पुढे ते खोटं उघडं पडतं आणि मग खरं बोललेलंही खोटंच वाटतं. भाची एवढंच म्हणाली, “आई, दिवाळीपर्यंत कुणाला बोलावू नका. मला लग्नाविषयी तुझ्याशी निवांत बोलायचंय, दिवाळीत बोलते.” ताई काय ते समजली. तिने मला फोन केला, “काय भानगड हाय का गं?” मी म्हटलं, “भानगड नाही. ती तुलाच सांगणार आहे, आधी तुला.” हे ‘आधी तुला’ फार कामाला आलं.

पहिला ऐकणारा कोण?

प्रत्येक घरात अशी बातमी पेलणारं एक माणूस असतं: लग्न झालेली थोरली बहीण, मावशी, कधी वहिनी, कधी मामा. आईकडचं माणूस बरं पडतं, कारण ते वडिलांच्या भावकीत मोडत नाही आणि जमिनीच्या वाटणीचं जुनं काही त्यात मिसळत नाही. काका कितीही लाडका असला तरी त्याला पहिल्यांदा सांगू नका. त्याला कळलं आणि वडिलांना नाही, म्हणजे वडील त्यांच्याच भावापुढे खाली बघणार.

या माणसाचं काम वकिली करायचं नसतं. मी दाजींकडे एकदाही रदबदली केली नाही. माझी कामं दोनच होती: ताईला रडायला जागा देणं आणि पुढे दोन्ही घरं भेटतील तेव्हा घर उपलब्ध करून देणं. मध्यस्थ फार बोलायला लागला, की वडिलांना वाटतं, हे सगळे आधीच एक होऊन बसलेत.

धाकट्या भावंडाला आईच्या आधी सांगायचं की नंतर? माझ्या मते आधी. कारण “हिच्यामुळं धाकट्याचं कसं जमायचं?” हा मुद्दा निघणारच. तो खोटाही नाही, खेड्यात खरोखर अडतं. भाचीने भावाला पुण्याला बोलावून स्पष्ट विचारलं. तो दोन दिवस घुश्शात होता. मग म्हणाला, “मला ज्यांना मुलगी द्यायची नाही त्यांनी देऊ नये, पण माझं नाव पुढं करून तुझं थांबवू नका.” हेच तो पुढे दाजींसमोर बोलला, तेव्हा त्याला वजन आलं. तेच भाची बोलली असती, तर स्वार्थ दिसला असता.

आणि मुलाचं घर? ते मुलीच्या वडिलांच्या आधी. “त्यांच्या घरी चालतंय का?” असं वडील विचारतात, तेव्हा “अजून सांगितलं नाही” हे उत्तर फार हलकं पडतं. त्याच्या आईने ऐकलं तेव्हा तिला आनंद कमी आणि धसका जास्त होता. “त्यांची माणसं तुला काय करतील का रे?” हा तिचा पहिला प्रश्न. सवर्ण घरातल्या मुलींना हे सुचतही नाही, की भीती त्या बाजूला जास्त असते. त्या घराला एकच विनंती करायची: आमच्याकडे कळेपर्यंत फोटो नाही, स्टेटस नाही, मामा-आत्यांना फोन नाही.

आईला सांगताना

आईला एकटीला, घरात पाहुणे नसताना. भाऊबीज उरकली, दुसऱ्या दिवशी दाजी डेअरीत गेले आणि दोघी मागच्या दारी फराळाचे डबे घासत बसल्या होत्या. भाचीने मला नंतर सांगितलं, की हातात काम असल्यामुळे एकमेकींकडे बघावं लागलं नाही, म्हणून बोलता आलं.

आईच्या बाबतीत एक गोष्ट सगळे विसरतात. वडिलांना कळल्यावर पहिला भडिमार तिच्यावर होतो: “पोरगी काय करती हे तुला कळंना व्हय?” म्हणून तिला सांगताना हेही सांगून टाकायचं, की पप्पांना मीच सांगणार, तू सांगायचं नाहीस, आणि तुला किती दिवस माहीत होतं ते लपवायचं नाही. ताईला दाजींशी खोटं बोलायची वेळ येऊ नये, म्हणून आई आणि वडील यांच्यात फार दिवसांचं अंतर ठेवू नका. आमचा ऊस डिसेंबरात तुटायचा होता. तोड चालू असताना दाजी चिठ्ठीसाठी आणि ट्रॅक्टरसाठी रात्री-अपरात्री बाहेर. त्या दिवसांत सांगण्यात अर्थ नव्हता. ऊस जाऊन शेत मोकळं होईपर्यंत, म्हणजे सात आठवडे, ताईने धरलं. मला वाटतं ते जास्तच झालं. ती वाळली होती. तीन-चार आठवड्यांपलीकडे कोणत्याही आईवर हे ओझं ठेवू नये.

गावची जत्रा, वास्तुशांत, कोणाचं लग्न, कोणाचं वर्षश्राद्ध, या दिवसांत तर सांगूच नये. घर माणसांनी भरलेलं असतं आणि वडिलांना चेहरा लपवायला जागा नसते.

वडिलांना सांगताना

फोनवर नाही, चिठ्ठीने नाही, जेवताना नाही. जेवताना तर मुळीच नाही, आपल्याकडे भरल्या ताटावरून उठणं हा निषेध असतो आणि तो मागे घेता येत नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दाजी धारा काढून गोठ्यातच बादली धरून बसले होते. ताई चुलीपाशी. भाची जाऊन उभी राहिली.

“पप्पा, बाहेरनं कळण्याआधी मी तुम्हाला सांगावं म्हणून आले. मला एका मुलाशी लग्न करायचंय. बँकेत आहे, तीन वर्षं ओळखते.”

दाजींनी वर न बघता विचारलं, “आडनाव काय?”

तिने आडनाव सांगितलं. ते दोन्हीकडे असतं, त्यावरून पत्ता लागत नाही. इथे खरी कसोटी असते. आडनावाच्या आडोशाला थांबायचा मोह होतो. ती थांबली नाही. “बौद्ध आहेत ते,” म्हणाली. “तुमच्याशिवाय मी पळून जाऊन लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. आज उत्तर मागायला आले नाही.”

दाजी उठले, दूध मोजून कॅनमध्ये ओतलं आणि डेअरीत गेले. त्या दिवशी म्हशीला पेंड घालायची राहून गेली, हे ताईने मला तीनदा सांगितलं.

या चार वाक्यांत काय काय होतं ते बघा. जात पहिल्याच बोलण्यात, स्वतःच्या तोंडाने, न लाजता सांगितली. पळून जाणार नाही, ही वडिलांची मोठी भीती काढून टाकली. दुसरीकडे करणार नाही, म्हणजे आशाही लावली नाही. आणि उत्तर मागितलं नाही. एक गोष्ट तिने आवर्जून केली नाही: मुलाला आधी ‘मित्र’ म्हणून घरी नेलं नाही. पुष्कळ जण हा सल्ला देतात, की आधी मुलगा आवडू दे, मग जात सांगू. मी याच्या अगदी विरुद्ध आहे. ज्याला घरात बसवून जेवू घातलं, त्याच्याबद्दल नंतर कळलं, तर ‘आम्हाला फसवून पंक्तीला बसवलं’ असं होतं आणि तो डाग त्या मुलावर राहतो.

फुले-शाहू-आंबेडकर यांचे फोटो आपल्या पुष्कळ घरांत भिंतीवर असतात. त्या फोटोंकडे बोट दाखवून वडिलांशी वाद घालू नका. खरं असलं तरी तो टोमणा होतो. त्यातही वाईट म्हणजे आंतरजातीय लग्नाला सरकार पन्नास हजार देतं, हे सांगणं. ती योजना आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात अर्ज करता येतो, पण ते लग्नानंतर आणि तुमचं तुम्ही. बापाच्या कानाला ते पोरगी विकल्यासारखं ऐकू येतं.

मधले गप्प दिवस

दाजी एकोणीस दिवस भाचीशी बोलले नाहीत. या दिवसांत काय करायचं नाही, ते महत्त्वाचं. ‘काय ठरलं?’ विचारायचं नाही. आईकडून निरोप पाठवायचे नाहीत, ती दोन्हीकडून भरडली जाते. उपास-तापास, रडणं, जीव देण्याच्या गोष्टी तर काढायच्याच नाहीत. आणि फोन बंद करायचा नाही. भाची पूर्वीसारखीच रविवारी फोन करायची. ताई फोन स्पीकरवर ठेवायची. भाची दुधाचा दर, म्हैस कधी विणार, बोअरचं पाणी, असलंच बोलायची. दाजी पलीकडे बसून ऐकायचे.

वडील गप्प आहेत म्हणजे नकार, असं धरू नका. नकार देणारा माणूस पाहुण्यांना फोन लावून स्थळं बघायला लागतो, महिन्याभरात कुठेतरी साखरपुडा उरकायची भाषा करतो, मुलीला नोकरी सोडून घरी यायला सांगतो. तसं दिसलं तर पुन्हा वर धोक्याचं लिहिलंय ते वाचा. दाजींनी यातलं काही केलं नाही. विसाव्या दिवशी ते ताईला म्हणाले, “पोराचा बा काय करतो, इचार.”

प्रश्न सुरू झाले की

प्रश्न आले की अर्धं काम झालं, पण इथे पोरं घाईने वाद घालून बसतात. दाजींचे प्रश्न तुकड्यातुकड्यांनी दोन महिने येत होते. वडील काय करतात (निवृत्त एसटी कंडक्टर), घर स्वतःचं आहे का, कर्ज किती, दारू आहे का. यांना सरळ माहिती द्यायची, पगाराच्या चिठ्ठीसकट. घर कर्जाचं असेल तर कर्जाचं म्हणायचं.

“तुझी जात बदलंल का?” असंही त्यांनी विचारलं. लग्नाने बाईची जात कायद्यात बदलत नाही. मुलांना साधारणपणे वडिलांची जात धरतात, पण मूल प्रत्यक्ष कोणत्या वातावरणात वाढलं तेही बघितलं जातं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. एवढं दोन वाक्यांत सांगून तिने विषय मिटवला.

खरा प्रश्न मात्र त्यांनी ताईपाशी काढला: “डेअरीत रोज दोनशे माणूस येतंय दूध घालायला. कुणी इचारलं तर मी काय सांगू?” ताईने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस आम्ही त्यांना पटवायच्या मागे होतो. त्यांना पटवून नको होतं. चारचौघांत उभं राहून म्हणता येईल असं एक वाक्य त्यांना हवं होतं. बहुतेक वडिलांचं हेच असतं. त्यांना जात सोसते, पण पारावरचा तो एक क्षण सोसत नाही.

वाक्य आपण तयार करून हातात द्यायचं नसतं, पण त्यासाठीचा माल पुरवता येतो. त्या वाक्यात वडील ठरवणारे दिसले पाहिजेत. “पोरीनं केलं” असं म्हणावं लागलं तर ते हरले. “आम्ही बघून ठरवलं” म्हणता आलं तर ते उभे राहतात. आणि बघून ठरवायचं तर आधी बघायला हवं. म्हणून भेट.

दोन घरांची भेट

पहिली भेट कोणाच्याच गावी नको. माझ्या सांगलीच्या घरी, एका शनिवारी दुपारी, जेवणाची वेळ टाळून. चहा-पोहे पुरे. पहिल्या भेटीत जेवण ठेवलं की कोण कोणाच्या हातचं खातं, याकडे सगळ्यांचं नको तितकं लक्ष जातं. माणसं मोजकी: दोघांचे आई-वडील आणि आम्ही नवरा-बायको. मुलगा-मुलगी होती, पण पहिला अर्धा तास आत.

दोन्ही बापांना आम्ही मुद्दाम बाहेर गॅलरीत बसवलं. पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग दाजींनी विचारलं, कोणत्या डेपोला होता? त्यांनी सांगितलं. दाजी सत्तरच्या दशकात कराडला शिकायला एसटीनेच जायचे, तिथून गाडी सुरू झाली. मुलाच्या वडिलांनी उठताना एक गोष्ट स्वतःहून सांगितली: “आमच्याकडं हुंडा नाय, मानपान नाय, लग्न साध्या पद्धतीनं. पण तुमच्या मुलीला आमच्याकडं कोणी जातीवरनं बोलणार नाय, आणि आमच्या पोराला तुमच्याकडं कोणी बोलू नये.” दाजी म्हणाले, “माझ्या म्होरं कोण बोलणार न्हाई. माघारचं मी सांगू शकत न्हाई.” मला हे उत्तर आवडलं. त्यांनी फार मोठं काही कबूल केलं नाही, जेवढं हातात होतं तेवढंच कबूल केलं.

भावकी सगळ्यात शेवटी

लग्नाची तारीख दोन्ही घरांत पक्की झाल्यावरच भावकी. त्याआधी सांगितलं की ती सल्ला मागितल्यासारखी होते आणि सल्ला यायला लागतो. तारीख ठरल्यावर सांगितलं की ती खबर असते. सांगायचं वडिलांनीच, आणि तेही एका दिवसात: आधी थोरले चुलते, मग बाकीचे, मग आत्या फोनवर. दोन दिवस मध्ये गेले, तर तिसऱ्या घराला पहिल्या घराकडून कळतं आणि “आमाला न्हाई सांगितलं” हे नवीनच भांडण तयार होतं. आजी-आजोबा घरातच असतील, तर त्यांना त्याच दिवशी सकाळी.

“वाळीत टाकू” अशी भाषा निघाली, तर एवढं माहीत असू द्या, की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तो पहिल्या बैठकीत बाहेर काढायचा नसतो. दाजींना मी त्याबद्दल सांगून ठेवलं होतं. त्यांना तो लागला नाही.

त्यांनी थोरल्या भावाला सांगितलं आणि संध्याकाळी डेअरीत, दूध मोजून घेता घेता, कोणी विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, “पोरीचं ठरवलं. पोरगा बँकेत हाय, लातूरकडचं बौद्ध हायत. दोनी घरं आमी बघितली.” दोन-चार जण गप्प राहिले. एकाने तारीख विचारली. मागच्याने कॅन पुढे सरकवला.

लग्न पुण्यात झालं, नोंदणीही तिथेच. थोरले चुलते आले नाहीत. काकू आल्या, आहेराचं पातळ भाचीच्या हातात ठेवलं आणि जेवायला न थांबता दुपारच्या गाडीने परत गेल्या.